प्रॉस्पेक्टसमधली 'कर्जफेड' नेमकी कुणाच्या कामाची? पहिल्या अर्जाआधी वाचताना पडलेले प्रश्न

सावधपाऊल

नमस्कार मंडळी. मी आजवर एकाही कंपनीच्या भागविक्रीत अर्ज केलेला नाही. यावेळी करावा असं मनात आहे, पण न वाचता पैसे गुंतवायचे नाहीत असं ठरवून प्रॉस्पेक्टस उतरवून घेतला. 412 पानं आहेत. गेल्या दोन रात्रींत त्यातले जोखीम घटक वाचून काढले. एकूण 63 निघाले आणि वाचून झाल्यावर मला वाटलं की ही कंपनी उद्याच बंद पडणार! स्पर्धा वाढू शकते, कच्चा माल महागू शकतो, महत्त्वाची माणसं सोडून जाऊ शकतात, आग लागू शकते, कायदे बदलू शकतात. हे सगळं तर कुठल्याही धंद्यात होऊ शकतं ना? मग यातून मी काय घ्यायचं?

त्यानंतर निधीचा विनियोग वाचला. तिथे उलट झालं, सगळं फारच गोड वाटलं. कर्जफेड, नवी यंत्रं आणि 'कंपनीच्या सर्वसाधारण गरजा'. कर्ज फेडणार म्हणजे व्याज वाचणार, यंत्रं येणार म्हणजे उत्पादन वाढणार. बरोबर ना?

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. 'घ्यावा की नको' हा सल्ला मला नकोय. ही दोन प्रकरणं वाचायची कशी, ते शिकायचंय. कुणी नेटाने वाचत असेल तर सांगा प्लीज.

रानवाट

मी जोखीम घटक वाचतच नाही. वकिलांनी स्वतःच्या बचावासाठी लिहिलेले असतात. उद्या काही झालं तर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायला मोकळे. नियामकाने कागद तपासून परवानगी दिलेली असते, तेवढं मला पुरतं.

ताळेबंद

रानवाट, पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, दुसरं मात्र धोक्याचं आहे. नियामक कंपनी चांगली आहे की वाईट हे ठरवत नाही. जे सांगणं बंधनकारक आहे ते सांगितलंय का, एवढंच तो बघतो. प्रॉस्पेक्टसच्या अगदी सुरुवातीच्या पानांवर तसं ठळक अक्षरांत छापलेलंही असतं. म्हणजे वाईट गोष्ट व्यवस्थित लिहून टाकली की कंपनीची जबाबदारी संपली. पुढची वाचणाऱ्याची.

आणि वकिलांनी बचावासाठी लिहिलंय म्हणूनच ते वाचायचं. बचाव करायचा तर खरी अडचण कुठेतरी लिहावीच लागते. फक्त ती 63 घटकांच्या गर्दीत असते.

सावधपाऊल ताई, गर्दी कमी करायची माझी रीत सांगतो. प्रत्येक घटक वाचताना कंपनीचं नाव झाकायचं आणि बघायचं की हाच परिच्छेद दुसऱ्या कुठल्याही कंपनीला चालेल का. चालत असेल तर पेन्सिलीने फुली. उरलेल्यांत आकडा, तारीख, एखाद्या पक्षाचं नाव किंवा भूतकाळातलं क्रियापद असेल त्यावर खूण. 63 पैकी 10-12 उरतील. तेवढेच पुन्हा सावकाश वाचायचे.

निळीशाई

भूतकाळातल्या क्रियापदाचा मुद्दा अगदी पटला. 'विलंब होऊ शकतो' आणि 'मागील दोन वर्षांत विलंब झाला आहे आणि पुढेही होऊ शकतो' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी तर आधी 'झाला आहे', 'आढळले', 'भरावा लागला' असलेली वाक्यंच शोधते.

या 'होऊ शकतो' वरून मोठ्या कंपन्याही अडकल्यात. 2019 च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्सचेंज कमिशनने फेसबुकवर कारवाई केली होती. वापरकर्त्यांच्या माहितीचा गैरवापर झाल्याचं कंपनीला ठाऊक असताना, भागधारकांसाठीच्या अहवालांत तो नुसता संभाव्य धोका म्हणून लिहिला जात होता, असा आक्षेप होता. 10 कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. ते वार्षिक आणि तिमाही अहवाल होते, प्रॉस्पेक्टस नव्हता. पण 'होऊ शकतं' या शब्दांमागे 'झालंय' दडलेलं असू शकतं, हे मी त्या प्रकरणातून शिकले.

भिंगरी

मला एक सांगा, मी गेल्या वेळी अर्ज केला होता, शेअर मिळाले नाहीत आणि अडकवलेली रक्कम मोकळी व्हायला वेळ लागला. हे जोखीम घटकांत येतं का?

निळीशाई

भिंगरी, तो अर्जाच्या प्रक्रियेचा भाग झाला. प्रॉस्पेक्टसमध्ये शेवटाकडे 'अर्जाची कार्यपद्धती' असं प्रकरण असतं, तिथे रक्कम किती दिवसांत मोकळी व्हायला हवी ते लिहिलेलं असतं. तुझा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण वेगळा धागा काढ म्हणजे नीट उत्तरं मिळतील.

उंबरठा

जोखीम घटकांचा क्रमही बघा. युरोपीय संघाच्या 2017 च्या प्रॉस्पेक्टस नियमावलीत कंपनीलाच लागू असणारे, महत्त्वाचे धोके तेवढे द्या आणि प्रत्येक गटात सगळ्यात गंभीर ते आधी लिहा असं मुळात सांगितलं होतं. सारांशात तर 15 पेक्षा जास्त घटक देताच येत नाहीत. सगळीकडे इतकं कडक नाही. पण वजनदार घटक वर असावेत अशी अपेक्षा बहुतेक ठिकाणी असते. त्यामुळे आकडे असलेला एखादा घटक 40 व्या क्रमांकाच्या पुढे सापडला तर मी तिथे जास्त वेळ थांबतो.

सावधपाऊल

खूप आभार सगळ्यांचे. फुलीचा प्रयोग केला. 63 मधले 14 उरले. त्यातले तीन इथे माझ्या शब्दांत मांडते.

क्र. 4: सगळ्यात मोठ्या एका ग्राहकाकडून 41 टक्के विक्री. त्याच्याशी दीर्घ मुदतीचा करार नाही, मागणी येईल तसा माल.

क्र. 22: नवी यंत्रं घेण्यासाठी अजून सगळ्या ऑर्डरी दिलेल्या नाहीत. किंमत पुरवठादारांच्या कोटेशनवर धरली आहे.

क्र. 47: विक्रीतून मिळणाऱ्या पैशाचा काही भाग कर्जफेडीला जाणार असल्याने 'तेवढ्या भागातून कोणतीही नवी मालमत्ता निर्माण होणार नाही'. त्यातल्या काही कर्जांना प्रवर्तकांची व्यक्तिगत हमी आहे.

47 वाचून जरा चपापले. हे तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय!

ताळेबंद

तुम्ही अगदी योग्य ठिकाणी पोचलात. आता विनियोगाचं प्रकरण उघडा आणि एक काम करा. एकूण भागविक्रीची रक्कम 100 धरा आणि प्रत्येक आकडा त्या हिशोबात लिहा. मोठमोठ्या रकमांनी डोकं गरगरतं, 100 वर आणलं की चित्र दिसतं. आधी जुन्या भागधारकांच्या विक्रीचा भाग वेगळा काढा, मग कंपनीला मिळणारा.

सावधपाऊल

हे घ्या, 100 धरून:

जुने भागधारक स्वतःचे शेअर विकणार: 55
कंपनीला मिळणार: 45

त्या 45 मध्ये: कर्जफेड 24, यंत्रं 11, सर्वसाधारण गरजा 8, भागविक्रीचा खर्च 2.

मला वाटत होतं सगळे 100 कंपनीत जातात. जाहिरातीत तर एकच मोठा आकडा होता.

रानवाट

55 जुन्यांच्या खिशात! मग विषयच संपला. जुने लोक पळतायत म्हणजे कंपनीत काही दम नाही. सरळ सोडून द्या.

उंबरठा

इतकं सरळ नसतं हो. विकतंय कोण ते बघा. एखाद्या गुंतवणूक निधीने आठ-दहा वर्षांपूर्वी पैसे घातले असतील तर त्याची मुदत संपत आलेली असते. त्याला कधीतरी बाहेर पडावंच लागतं, कंपनी उत्तम असली तरीही. प्रवर्तक विकत असतील तर वेगळा प्रश्न विचारायचा: विकून झाल्यावर त्यांच्याकडे किती उरतंय? 80 टक्क्यांवरून 62 वर आले तर मला काळजी वाटत नाही. 80 वरून 30 वर आले तर वाटते.

रानवाट

हे मान्य. निधीची मुदत असते हे लक्षात नव्हतं आलं. तरीही माझा मुद्दा सोडत नाही. 55 पैकी कंपनीच्या कामी काही येत नाही हे तर खरंच ना?

उंबरठा

ते शंभर टक्के खरं.

कोरापान

मी काही वर्षं एका कारखान्याच्या लेखा विभागात होतो. तिथे अशाच भागविक्रीची तयारी चालू होती, म्हणून यंत्रांच्या 11 बद्दल सांगतो.

कोटेशन गोळा करणं हे माझंच काम होतं. पुरवठादाराला फोन करायचा, 'अमुक क्षमतेच्या यंत्राचा भाव पाठवा' सांगायचं, लेटरहेडवर भाव यायचा. त्यावर मुदत असते, कधी तीन महिने, कधी सहा. कागदपत्रं तयार होऊन बाजारात येईपर्यंत बऱ्याचशा मुदती उलटायला आलेल्या असायच्या आणि आम्ही पुन्हा फोन करून तारीख वाढवून घ्यायचो. यात गैर काही नाही, पण कोटेशन म्हणजे ऑर्डर नव्हे. आगाऊ रक्कम दिलेली नसते, यंत्र आरक्षित नसतं.

तेव्हा यंत्रांच्या तक्त्यात तीन गोष्टी बघा. कोटेशनची तारीख, त्याची मुदत आणि ऑर्डर दिली आहे की नाही. तीनही बहुतेक वेळा तक्त्यात किंवा त्याखालच्या टिपेत सापडतात. शिवाय धंद्याच्या प्रकरणात 'स्थापित क्षमता आणि क्षमतेचा वापर' असा तक्ता असतो. तो काढा. आहे तेच यंत्र अर्धं रिकामं असेल तर नवं कशाला, हा प्रश्न पडायलाच हवा.

सावधपाऊल

कोरापान दादा, लगेच बघितलं. 11 पैकी फक्त 2 च्या ऑर्डरी दिल्यात. उरलेल्या 9 ची कोटेशनं आहेत, त्यातल्या दोघांची मुदत पुढच्या महिन्यात संपते. आणि क्षमतेचा वापर गेल्या तीन वर्षांत 71, 66 आणि 58 टक्के. कमी होत चाललाय!

कोरापान

58 वाचून लगेच निष्कर्ष काढू नका. ही टक्केवारी किती पाळ्या धरल्यात त्यावर ठरते. तीन पाळ्या धरून क्षमता काढली आणि कारखाना दोनच पाळ्या चालतोय, तर वापर आपोआप कमी दिसतो. खालची टीप वाचा. तिसऱ्या वर्षी नवा विभाग सुरू झाला असेल तरीही टक्का खाली येतो, कारण क्षमता लगेच मोजली जाते आणि उत्पादन हळूहळू चढतं. दुसरं म्हणजे नवी यंत्रं त्याच मालासाठी आहेत की वेगळ्या?

सावधपाऊल

टीप वाचली. तिन्ही वर्षं तीन पाळ्याच धरल्यात, नवा विभाग नाही. यंत्रं त्याच मालासाठी, पण 'मोठ्या आकारातील उत्पादन' असं लिहिलंय.

कोरापान

मग दोन्ही शक्यता राहतात. जुन्या यंत्रांवर मोठा आकार निघतच नसेल तर खरेदी योग्य ठरते. निघत असेल तर हा 11 चा आकडा रकाना भरण्यासाठी आहे असं मी म्हणेन. कागदावरून एवढंच कळतं. 'मोठ्या आकाराची' मागणी किती, ऑर्डरी हातात आहेत का, हे धंद्याच्या प्रकरणात दिलंय का बघा. दिलं नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

पागोळी

मला तर 8 च्या 'सर्वसाधारण गरजां'ची जास्त भीती वाटते. काहीही करतील त्याचं!

उंबरठा

पागोळी, त्यावर मर्यादा असते. भारतात सेबीच्या नियमाप्रमाणे कंपनी जेवढी रक्कम उभारते तिच्या 25 टक्क्यांहून जास्त या नावाखाली ठेवता येत नाही. इथे 45 पैकी 8, म्हणजे 18 टक्क्यांच्या आत. मला हा आकडा त्रास देत नाही. शून्य असता तर उलट वाटलं असतं की यांनी अडीअडचणीला काहीच हात राखून ठेवलेला नाही.

पागोळी

ओके, पण मर्यादेच्या आत आहे म्हणजे योग्य आहे असं थोडंच आहे? आठ तर आठ, पैसे माझे आहेत ना त्यात.

ताळेबंद

दोघांचंही बरोबर आहे, पण आठच्या मागे लागून चोवीस निसटू देऊ नका. या धाग्याचं नावच कर्जफेडीवर आहे, तिथे या.

बहुतेक जण 'कर्जफेड' शब्द वाचून पुढे जातात, कारण तो सज्जन शब्द आहे. कर्ज कुणालाच आवडत नाही. पण प्रश्न असा: ते कर्ज काढलं कधी आणि ते पैसे गेले कुठे? सहा वर्षांपूर्वी काढलेल्या कर्जातून कारखाना उभा राहिला असेल तर ते फेडणं म्हणजे तुम्ही त्या कारखान्यात भागीदार होणं. गेल्या वर्षी काढलेल्या कर्जातून दुसरंच काही झालं असेल तर तुम्ही त्या 'दुसऱ्या काही'चे पैसे भरताय.

यासाठी तीन जागा उघडायच्या. विनियोगाच्या प्रकरणातली कर्जांची यादी, तिच्यात प्रत्येक कर्जाची मंजुरीची तारीख आणि हेतू असा रकाना असतो. दुसरी जागा म्हणजे रोख प्रवाहाचं विवरण, त्यातला 'वित्तपुरवठ्याच्या कामांतून' हा शेवटचा भाग. तिसरी, संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप. तिन्ही एकाच वर्षासाठी शेजारी ठेवा. घाई करू नका.

निळीशाई

यात एक भर. अमेरिकेच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय. भागविक्रीच्या पैशातून कर्ज फेडणार असाल आणि ते कर्ज गेल्या वर्षभरातलं असेल, तर त्या कर्जाचे पैसे कशासाठी वापरले ते विनियोगाच्या प्रकरणातच सांगावं लागतं. खेळत्या भांडवलासाठीची अल्पमुदतीची कर्जं तेवढी वगळलीत. म्हणजे ही शंका काही आपल्या मनाचे खेळ नव्हेत. नियम करणाऱ्यांनाही ती आलेलीच आहे.

सावधपाऊल

आज सुट्टी होती, तीन तास बसले. आकडे पुन्हा त्याच मापाने देते, भागविक्री 100 धरून.

24 ची कर्जं दोन आहेत. पहिलं सहा वर्षांपूर्वीचं, कारखान्याच्या इमारतीसाठी, शिल्लक 9. दुसरं 15 चं, प्रॉस्पेक्टसच्या तारखेआधी फक्त दहा महिने काढलेलं. हेतूच्या रकान्यात 'व्यवसायाच्या सर्वसाधारण गरजा'. प्रवर्तकांची व्यक्तिगत हमी याच दुसऱ्याला आहे.

आता त्या वर्षीचा रोख प्रवाह. धंद्यातून आलेली रोख 6. नवं कर्ज 15. म्हणजे आत 21. बाहेर: यंत्रं आणि दुरुस्ती 5, व्याज 2, आणि लाभांश 13. शिल्लक वाढली 1.

आधीच्या दोन वर्षांत लाभांश होता 1 आणि 2. त्या वर्षी एकदम 13! प्रवर्तकांकडे 80 टक्के शेअर आहेत, म्हणजे त्यातले दहाहून जास्त त्यांच्याकडे गेले. संबंधित पक्षांच्या टिपेतही तोच आकडा सापडला.

मी हे बरोबर वाचतेय का? कुणीतरी तपासा. मला आकडा जुळला तेव्हा हाताला घाम फुटला होता.

ताळेबंद

ताई, अगदी बरोबर वाचलंत. धंद्यातून 6 आले, त्यातून 5 आणि 2 गेले, म्हणजे लाभांशाआधीच हात रिकामा. कर्ज नसतं तर 13 चा लाभांश देणं शक्यच नव्हतं. आता ते 15 भागविक्रीतून फेडले जाणार. म्हणजे नव्या भागधारकांच्या 45 मधले सुमारे 13 जुन्या भागधारकांना आधीच मिळून गेलेत. शिवाय कर्ज फिटलं की प्रवर्तकांची व्यक्तिगत हमीही सुटते, हा त्यांचा वेगळा फायदा.

धंद्यात नव्याने जाणारे उरले यंत्रांचे 11 आणि सर्वसाधारण 8, मिळून 19. शंभरातले एकोणीस.

रानवाट

मी पन्नास अर्ज केले असतील आजवर. एकदाही रोख प्रवाहाचं पान उघडलं नाही. सावधपाऊल, तुम्ही पहिल्याच वेळी इथवर गेलात. मनापासून सांगतो, मी आज माझ्याकडच्या दोन कंपन्यांचे जुने प्रॉस्पेक्टस काढून बसणार आहे.

उंबरठा

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर आपण फासावर चढवायच्या घाईत आहोत असं होईल. लाभांश देणं बेकायदा नाही. तोवर ते कंपनीचे मालक होते, अनेक वर्षं नफा आतच ठेवला असेल, नवे लोक यायच्या आधी तो काढून घेतला. सगळं उघड लिहिलंय, लपवलेलं नाही. नव्या भागधारकाला किंमत ठरवताना याचा हिशोब धरता येतो. कर्ज फिटल्यावर व्याज वाचेल हेही खरंच आहे.

ताळेबंद

बेकायदा मी म्हटलेलंच नाही. माझा आक्षेप शब्दाला आहे. हेतूच्या रकान्यात 'व्यवसायाच्या सर्वसाधारण गरजा' लिहिलंय. लाभांश ही व्यवसायाची गरज आहे का? आणि व्याज वाचेल म्हणताय, तर जे व्याज दहा महिन्यांपूर्वी नव्हतंच ते वाचवल्याचं कौतुक कशाला?

उंबरठा

पैशाला रंग नसतो हो. कर्जाचे 15 यंत्रांकडे गेले आणि धंद्याचे 6 लाभांशात गेले असं ते म्हणू शकतात.

ताळेबंद

म्हणू देत. यंत्रांना 5 च लागले, व्याजाला 2, शिल्लक राहिली 1. उरलेले 7 तरी लाभांशातच गेले ना? कुठल्याही रंगाने मोजा, सातच्या खाली येत नाही.

उंबरठा

हं. सात मान्य. तेरा मात्र तुम्ही सिद्ध करू शकणार नाही.

निळीशाई

ही चर्चा जपून ठेवते. आणखी एक जागा राहिली. विनियोगाच्या प्रकरणात 'कर्जाची रक्कम ज्या हेतूसाठी घेतली त्यासाठीच वापरली' असं लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र दिल्याचा उल्लेख असेल तर त्यातले नेमके शब्द बघा. आणि कंपनीने आधी मसुदा दाखल केला असेल तर तो नियामकाच्या संकेतस्थळावर असतो. मसुदा आणि आताचा कागद समोरासमोर ठेवले की काय बदललं ते दिसतं. मी विनियोगाचा तक्ता हमखास तसा ताडून बघते.

भिंगरी

माझे पैसे मोकळे झाले बरं का! तुम्ही सांगितलेलं कार्यपद्धतीचं प्रकरण वाचलं, मुदत तिथे होती, बँकेला तीच दाखवली. आता मी पण कर्जांची यादी बघणार.

पागोळी

41 टक्क्यांच्या ग्राहकाचं काय झालं? त्यावर कुणी बोललंच नाही. मला तर तेच सगळ्यात मोठं वाटतं. तो गेला तर कर्ज फिटलं काय आणि नाही काय.

कोरापान

पागोळी, मुद्दा बिनतोड आहे. क्षमतेचा वापर 71 वरून 58 वर आला तो याच ग्राहकाने मागणी कमी केल्यामुळे तर नाही? क्र. 4 मध्ये मागच्या वर्षांची टक्केवारी पण असेल. ताई, बघून सांगाल का?

सावधपाऊल

बघितलं. तीन वर्षांत 52, 47, 41. टक्का कमी झालाय, पण एकूण विक्रीही जवळपास जिथल्या तिथे आहे. म्हणजे तो कमी घेतोय आणि इतरांनी थोडं जास्त घेतलंय. हे चांगलं की वाईट ते मला ठरवता येत नाहीये. एकावरचं अवलंबित्व कमी होतंय असंही वाचता येतं आणि मोठा ग्राहक सोडून चाललाय असंही.

मसुदाही सापडला, निळीशाई. त्यात यंत्रांना 14 होते आणि कर्जफेडीला 21. आता यंत्रांचे 3 कमी होऊन तेवढेच कर्जफेडीत गेलेत. प्रमाणपत्राचा उल्लेख आहे. त्यातही 'सर्वसाधारण व्यावसायिक गरजांसाठी वापरली' एवढंच आहे.

अर्जाला अजून दोन दिवस आहेत. जुनं 9 चं कर्ज, ज्यातून इमारत उभी राहिली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. 15 चं कर्ज गळ्याशी अडकलंय. उंबरठा दादा म्हणतात तसं किंमत ठरवताना ते धरायचं, तर ते नेमकं कसं धरतात? कंपनीच्या एकूण मूल्यातून सरळ 13 वजा करायचे की 7? की काहीच नाही, कारण भागविक्रीनंतरच्या ताळेबंदात ते आधीच दिसतंय?

उंबरठा

शेवटचं जास्त बरोबर आहे. लाभांश दिल्यानंतरचा ताळेबंद घेतलात तर तो पैसा आधीच गेलेला आहे, पुन्हा वजा केला तर दोनदा धराल. पण 'भागविक्रीनंतर कंपनी कर्जमुक्त' म्हणून किंमत जास्त लावली असेल तर ते जास्तीचं तुम्ही भरताय. किंमत कशी ठरवली ते सांगणारं प्रकरण विनियोगाच्या लगेच पुढे असतं. त्यात कुठल्या वर्षाचा नफा धरलाय आणि कुठल्या कंपन्यांशी तुलना केलीय ते उद्या टाका. त्यावर ताळेबंद आणि माझं पुन्हा वाजणार हे नक्की.

ताळेबंद

वाजू दे. तुलनेतल्या कंपन्यांना 41 टक्क्यांचा एकच ग्राहक आहे का, तेही बघून ठेवा ताई.